नोटमध्ये 'उदास' लिहिलं की ग्रेडमध्ये चेहरे आजारी का दिसतात? कारणं, तपासणी आणि दुरुस्ती

लक्षण आधी सांगतो, म्हणजे हे तुमचंच दुखणं आहे का ते लगेच कळेल.

शॉर्ट फिल्मचं डीआय, म्हणजे शूटनंतर चित्राचे रंग आणि उजेड ठरवण्याचं ग्रेडिंगचं काम, सुरू होतं. दिग्दर्शकाकडून किंवा असिस्टंट डिरेक्टरकडून हे काम करणाऱ्या कलरिस्टला एक शीट जाते. प्रत्येक दृश्यापुढे एक भावना आणि एक रंग लिहिलेला असतो: 'दृश्य ३, उदास, निळसर'. 'दृश्य ११, आनंदी, वॉर्म'. पहिला ग्रेड बघून दिग्दर्शकाचा फोन येतो, "दादा, माणसं आजारी दिसतायत, निळं थोडं कमी करा ना." निळं कमी केलं की, "आता काहीच वाटत नाहीये." त्यानंतर, "वॉर्म करा, पण उदासच राहू दे." या फेरीला पोचलात की समजायचं, चूक ग्रेडमध्ये नाही, नोटमध्ये आहे. निळं जास्त आहे की कमी हा प्रश्नच उरलेला नसतो.

मी ठाण्यात पाचपाखाडीला एका छोट्या खोलीत ग्रेडिंग करतो. येणारं काम बहुतेक शॉर्ट फिल्म आणि लहान वेबसिरीजचं. हा गुंता इतक्यांदा आलाय की नोट कशी लिहायची हे एकदा सविस्तर मांडलेलं बरं. उदाहरणासाठी एक काल्पनिक पटकथा घेतो, पण तिच्यातलं घर, भिंत आणि पाऊस इथल्या कुणालाही अनोळखी वाटणार नाही.

पटकथा थोडक्यात

वर्तकनगरमधली जुनी इमारत रीडेव्हलपमेंटला गेली आहे. दोघी बहिणी घर रिकामं करतायत. थोरली या घरातच राहिलेली, धाकटी सामान हलवण्यापुरती आलेली. दृश्य ३ मध्ये थोरली स्वयंपाकघरात पितळेचे डबे मोजते, पुठ्ठ्याच्या खोक्यात भरते, पुन्हा बाहेर काढून मोजते. दृश्य ६ मध्ये तीच खोली, अर्धी रिकामी. दृश्य ९ मध्ये रात्र, रिकामी खोली, बाहेरून रस्त्याच्या दिव्याचा उजेड. दृश्य ११ मध्ये घोडबंदर रोडवरचा उंच टॉवर, नवं घर, खिडकीतून येऊरचे डोंगर. धाकटी म्हणते, "ताई, वारा बघ किती छान आहे." थोरली हसते आणि खिडकी लावून घेते.

दृश्य ३ जुलैत शूट झालंय, बाहेर पाऊस. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनला. स्वयंपाकघराची भिंत जुन्या डिस्टेंपरची, फिकट निळसर हिरवी. वर ट्यूबलाइट चालू.

'निळसर' म्हटल्यावर फ्रेममध्ये काय घडतं

ढगाळ आभाळाचा उजेड साधारण ६५०० ते ७५०० केल्विनच्या घरात असतो; आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. कॅमेरा ५६०० ला ठेवलाय, म्हणजे फ्रेम मुळातच थंड आली आहे. त्यात निळसर हिरव्या भिंतीवरून परतणारा उजेड चेहऱ्याच्या सावलीच्या बाजूवर पडतोय. घरगुती ट्यूबलाइटमध्ये हिरव्याची छटा जास्त असते, ती डोक्यावरून उतरते आहे. कलरिस्टच्या हातात येण्याआधीच दृश्याला तीन बाजूंनी थंडावा लागलेला असतो आणि नोट म्हणते, निळं करा.

मग तो टेंपरेचर खाली ओढतो किंवा गेनमध्ये, म्हणजे मुख्यतः उजळ भागांत, निळं वाढवतो. त्वचेच्या रंगात लाल-पिवळं जास्त आणि निळं सगळ्यात कमी. सबंध फ्रेमवर निळं चढवलं की पहिला बळी चेहऱ्याचा जातो. व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंगछटा आणि तिचा दाटपणा दाखवणाऱ्या आलेखावर, बघितलं तर त्वचेचा ठिपक्यांचा पट्टा स्किन टोनच्या रेषेवरून घसरून मध्याकडे, म्हणजे करड्याकडे जाताना दिसतो. प्रेक्षकाला स्कोप दिसत नाही, पण करडा चेहरा म्हणजे आजारपण हे त्याला न सांगता कळतं. त्याच वेळी पितळ मळकट हिरवट होतं, थोरलीची मरून साडी जांभळट होते. पटकथेत ज्या वस्तूंवर तिचा जीव आहे त्याच मरतात, आणि ज्या भिंतीबद्दल पटकथेत एक ओळही नाही ती सगळ्यात ठसठशीत दिसायला लागते.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. सबंध पडद्यावर एकच छटा पसरली की डोळा तिला सरावतो. पहिल्या काही सेकंदांतच बराचसा सराव होऊन जातो आणि मिनिटभरात ती छटा जवळपास साधी वाटायला लागते. दृश्य ३ अडीच मिनिटांचं आहे. म्हणजे चेहरे बिघडवून मिळवलेला निळेपणा पहिल्या मिनिटानंतर प्रेक्षकाच्या लेखी नसतोच. बिघडलेले चेहरे मात्र शेवटपर्यंत राहतात. "आता काहीच वाटत नाही" ही तक्रार इथून येते. निळं अर्ध्यावर आणलं तरी हिशेब तोच राहतो, फक्त दोन्ही बाजूंनी अर्धा होतो.

आधी चार तपासण्या

नवी नोट लिहिण्याआधी बिघाड कुठे आहे ते बघून घ्या. कलरिस्टच्या शेजारी बसून हे दहा-पंधरा मिनिटांत होतं.

पहिली: लूकचा नोड बंद करून बघा. ग्रेड नोड नावाच्या टप्प्यांत केलेला असतो; बॅलन्सचा नोड रंग सरळ करतो, लूकचा नोड त्यावर भावनेची छटा चढवतो. रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लूकचा नोड निवडून `Ctrl+D` दाबायचं, मॅकवर `Cmd+D`. सगळे ग्रेड एकदम बंद करू नका, लॉग फुटेज असेल तर फिकट राखाडी चित्र दिसेल आणि त्यावरून काही कळणार नाही. बॅलन्सचा नोड चालू आणि फक्त लूक बंद, असं बघायचं. लूक बंद केल्यावर दृश्य जास्त खरं वाटलं, तर लूक चुकीच्या दिशेला गेलाय. तो कमी करून उपयोग नाही. यासाठी बॅलन्स आणि लूक वेगळ्या नोडमध्ये असायला हवेत. एकाच नोडमध्ये सगळं कोंबलेलं असेल तर ते आधी वेगळं करून मागा.

दुसरी: सॅचुरेशन शून्यावर न्या आणि दृश्य काळं-पांढरं बघा. थोरली गर्दीत हरवते का? नजर आधी खिडकीकडे जाते की तिच्या हातांकडे? काळ्या-पांढऱ्यात दृश्य मुकं असेल तर दुखणं उजेडाचं आहे. रंगाच्या नोटने ते बरं होणार नाही. अनुभवाने सांगतो, 'काहीच वाटत नाही' वाल्या दृश्यांपैकी बरीच इथेच पकडली जातात.

तिसरी: व्हेक्टरस्कोपवर स्किन टोनची रेषा चालू करा आणि चेहऱ्यापुरती छोटी विंडो लावून तेवढाच भाग बघा. गोरा, गव्हाळ, सावळा, कुठल्याही वर्णाचा चेहरा साध्या उजेडात या रेषेच्या आसपासच पडतो. वर्णातला मोठा फरक उजेडात दिसतो आणि थोडा रंगाच्या दाटपणात. चेहरा रेषेपासून दूर असेल तर तसं मुद्दाम केलंय का, हे विचारा. दृश्य ३ मध्ये मुद्दाम करावं असं पटकथेत काही नाही.

चौथी: दृश्य एकटं बघू नका. आधीच्या दृश्याचे शेवटचे दोन शॉट लावा आणि तिथून पुढे सोडा. डोळा जिथून येतो त्यावर त्याला पुढचं थंड वाटणार की ऊबदार ते ठरतं. दृश्य २ इमारतीच्या बाहेर पावसात असेल तर दृश्य ३ साधं ठेवूनही आत आल्यासारखं वाटेल. दृश्य २ उन्हात असेल तर तेच साधं दृश्य थंड वाटेल. कलर पेजवरच्या लाइटबॉक्समध्ये सगळ्या दृश्यांची एकेक फ्रेम ओळीत दिसते. तिथे दोन मिनिटं घालवली की अर्धे वाद मिटतात.

खरं निदान: भावना चुकीच्या दृश्याला चिकटवली आहे

आता पटकथेकडे परत. दृश्य ३ मध्ये थोरली उदास आहे का? ती डबे मोजते, पुन्हा मोजते. हे दुःख थोपवून धरणं आहे. तिच्या हाताला काम आहे, घर अजून घर आहे. इथेच रंग मारून टाकला तर दृश्य ९ मध्ये मारायला काही उरत नाही. नोट लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, म्हणून तो शेवटचं दुःख पहिल्याच डब्यावर ओततो. ही खोड इतकी सर्रास आहे की शीट हातात आली की मी आधी पहिल्या पाच दृश्यांपुढचे शब्द बघतो. तिथेच 'खिन्न', 'डार्क', 'गंभीर' दिसलं तर फोन लावतो.

या पटकथेत रंग कुठून येतो? वस्तूंमधून. पितळ, मरून साडी, हळदीचा डबा, कॅलेंडर. भिंत मागे उभी आहे. वस्तू खोक्यात जातात तसतसे ऊबदार रंग आपोआप फ्रेममधून कमी होतात आणि उरते भिंत. म्हणजे आर्ट डिपार्टमेंटने अर्धं ग्रेडिंग आधीच केलंय. कलरिस्टने फक्त मध्ये यायचं नाही. म्हणून दृश्य ६ ची माझी नोट अशी असेल: 'दृश्य ३ चाच ग्रेड जसाच्या तसा. काहीही बदलू नये.' दिग्दर्शकांना ही नोट पटायला जड जाते, कारण काही न करण्याचे पैसे दिल्यासारखं वाटतं. पण तोच ग्रेड असेल तरच खोली रिकामी होतेय हे डोळ्याला कळतं. ग्रेडही सोबत बदलला तर प्रेक्षकाला दुसरी खोली वाटते.

दृश्य ३ ची नोट, दुरुस्त केलेली

आधीची होती: 'उदास, निळसर, सिनेमॅटिक.' ('सिनेमॅटिक' लिहू नका. त्यावर कलरिस्ट काय करणार आहे?) आता ही बघा:

> दृश्य ३. भाव: थोपवून धरलेलं. दृश्य २ च्या पावसातून आत आल्यावर घर भरलेलं वाटावं.
> हलवू नये: दोघींची त्वचा स्किन लाइनवर. पितळ पिवळं, साडी मरून.
> हलवावं: भिंत. उजेड कमी, रंग तोच. डोक्यावरच्या ट्यूबची हिरवी छटा केसांवरून आणि कपाळावरून काढावी.
> उजेड: खिडकीच्या बाजूने. चेहऱ्याची उजळ बाजू भिंतीपेक्षा स्पष्ट वर असावी.
> पुढे: दृश्य ६ ला हाच ग्रेड. दृश्य ९ साठी थंडावा राखून ठेवावा.

यात रंगाचं नाव जवळपास नाहीच. कोणत्या वस्तूला हात लावायचा, कोणत्या वस्तूला नाही आणि हे दृश्य कशाच्या आधी नि कशाच्या नंतर येतं, एवढंच आहे. कलरिस्टला हे लगेच वापरता येतं.

आता खोलीतल्या मशीनवर हे कसं होतं ते सांगतो, कारण एक सापळा इथे हमखास आहे. चेहरा वाचवायचा म्हटलं की पहिली सूचना येते, "त्वचेचं क्वालिफायर घ्या, ती सोडून बाकी थंड करा." क्वालिफायर म्हणजे रंगावरून चित्राचा भाग निवडणारं साधन. या फिल्ममध्ये ते चालणार नाही. पुठ्ठ्याची खोकी, पितळ, सागवानी दार, पोळी या सगळ्यांचा रंगछटेचा पट्टा त्वचेच्या अगदी जवळचा आहे. क्वालिफायर चेहऱ्याबरोबर खोकीही उचलतो. मग खोकी चेहऱ्यासारखी तजेलदार दिसतात आणि कडांवर किडे फिरल्यासारखा नॉइज दिसतो. विंडो लावून ट्रॅक करता येतं, पण थोरली सतत वाकते, उठते, खोक्यात हात घालते. दर शॉटला ते सांभाळणं म्हणजे बजेटचा चुराडा.

उलट बाजूने गेलं की काम सोपं होतं. निळसर हिरवी भिंत रंगचक्रावर त्वचेच्या जवळपास समोर आहे. तिचा रंग घरात दुसऱ्या कशात फारसा नाही. `Hue vs Lum` कर्व्हवर भिंतीचा टप्पा निवडून उजेड खाली आणता येतो, `Hue vs Sat` ने तिचा दाटपणा सांभाळता येतो, आणि चेहऱ्याला धक्का लागत नाही. भिंत थोडी मागे सरली की तिच्यापुढचा चेहरा न वाढवताही ऊबदार दिसतो, कारण डोळा रंग नेहमी शेजारच्या रंगाच्या तुलनेत वाचतो. उजेडाची पातळी दाखवणाऱ्या वेव्हफॉर्मवर मी भिंत ३० ते ३५ टक्क्यांच्या आसपास आणि चेहऱ्याची उजळ बाजू ४५ ते ५० टक्क्यांवर धरून सुरुवात करेन. हे आकडे नोटमध्ये लिहिलेच पाहिजेत असं नाही, पण 'चेहरा भिंतीपेक्षा स्पष्ट वर' हे लिहिलंच पाहिजे.

दृश्य ९: आता थंडावा, पण कुठे?

रात्र आहे, खोली रिकामी आहे, थोरली जमिनीवर बसली आहे. पटकथेत लिहिलंय, 'रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याचा उजेड जाळीतून आत.' लेखकाच्या डोक्यात लहानपणीचा सोडियम दिवा आहे. शूटच्या रात्री बाहेर पांढरा एलईडी होता. म्हणून नोट येते, 'उजेड पिवळा करा.' कलरिस्ट जाळीच्या उजेडावर विंडो लावून नारिंगी चढवतो आणि ते खोटं दिसतं. दिग्दर्शक म्हणतो, नारिंगी कमी करा. पुन्हा तीच फेरी.

खोटं का दिसतं? रस्त्यावरच्या हाय प्रेशर सोडियम दिव्याचा उजेड साधारण २००० ते २२०० केल्विनचा असायचा आणि त्यात पिवळ्या-नारिंगीशिवाय बाकी रंग फार थोडे. त्याच्या खाली मरून साडी तपकिरी दिसायची, हिरवी भिंत मळकट राखाडी दिसायची. एलईडीखाली शूट केलेल्या फ्रेममध्ये मरून मरूनच आहे, हिरवं हिरवंच आहे. त्यावर नुसतं नारिंगी चढवलं की रंगीत काचेतून पाहिल्यासारखं होतं, कारण खालचे सगळे रंग जिवंत आहेत. म्हणून क्रम उलटा हवा. उजेड पडतो त्या भागात आधी सॅचुरेशन बरंच खाली, म्हणजे रंग आपसात मिसळून जातील. मग त्यावर नारिंगी. उजेडाची कड मऊ नको, जाळीची सावली ठळकच राहू दे.

आणि थंडावा सावलीत द्या. नारिंगी उजेडाच्या बाहेरची भिंत निळ्याकडे किंचित सरकवा आणि उजेड १५ टक्क्यांच्या आसपास आणा. थोरलीचा चेहरा जाळीच्या उजेडाच्या काठावर ३० टक्क्यांपर्यंत. एकाच फ्रेममध्ये ऊब आणि थंडी शेजारी उभ्या असल्यामुळे डोळा कुठल्याही एकाला सरावून जात नाही. पूर्ण निळ्या रात्रीपेक्षा ही रात्र जास्त थंड वाटते ती याच कारणाने. ज्या निळ्याचा हट्ट दृश्य ३ मध्ये धरला होता, त्याची जागा ही आहे.

इथे एक काळजी घ्या. उजेड कमी झाला की डोळ्याला रंगही आपोआप फिके वाटतात. याला हंट इफेक्ट म्हणतात. त्यामुळे अंधाऱ्या दृश्याच्या नोटमध्ये 'डीसॅचुरेटेड' लिहायची घाई नको. कलरिस्टने उजेड उतरवलाय, डोळ्याने रंग उतरवलाय, त्यात नोटनेही उतरवला की उरतो चिखल. वर सांगितलेलं सॅचुरेशन उतरवणं फक्त सोडियमच्या उजेडापुरतं आहे, सबंध फ्रेमचं नाही.

दृश्य ११: 'आनंदी, वॉर्म' ला हरकत

नवं घर, पांढऱ्या भिंती, मोठी काच. संवाद आनंदी आहे म्हणून शीटवर 'वॉर्म' आहे. पण थोरली खिडकी लावून घेते. पटकथेने सगळा भाव त्या एका कृतीत ठेवलाय. दृश्याला सोनेरी उन्हात न्हाऊ घातलं तर ती कृती निव्वळ वाऱ्याचा त्रास म्हणून वाचली जाईल.

माझी नोट: 'भाव: परकं. उजेड भरपूर, भिंती ७५ ते ८० टक्क्यांवर, पांढरं अगदी पांढरं. सॅचुरेशन डीफॉल्ट ५० वरून ४० च्या जवळ, त्वचा रेषेवरच राहू दे. निळं घालू नये. मरून साडी या फ्रेममधला एकमेव दाट रंग, तिचा रंग कमी होऊ देऊ नये.' साडी वाचवायला इथे क्वालिफायर खुशाल घ्या, पांढऱ्या खोलीत ती एकटीच आहे. हे दृश्य फिल्ममधलं सगळ्यात उजळ असेल आणि तरी परकं वाटेल. 'आनंदी' वाचून कलरिस्टने पिवळं चढवलं तर त्याची चूक नाही. त्याला खिडकीबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून शीटसोबत पटकथा पाठवा. कलरिस्ट सगळी वाचणार नाही म्हणतात, पण दृश्यातली निर्णायक कृती प्रत्येक नोटमध्ये एका ओळीत तरी लिहा.

ग्रेड बरोबर असूनही तक्रार येते तेव्हा

एक शक्यता अशी की दिग्दर्शक ठाणे-दादर लोकलमध्ये उभ्याने फोनवर बघतोय. फोनवर नाइट मोड किंवा डोळ्यांना आराम देणारा मोड चालू असेल तर पांढरं पिवळट दिसतं. आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणारी सेटिंग असेल तर दर स्टेशनला वेगळं दिसतं. व्हॉट्सॲपवर गेलेल्या व्हिडिओचं कॉम्प्रेशन अंधाऱ्या भागात ठोकळे पाडतं, म्हणजे दृश्य ९ ची तर वाटच लागते. ग्रेड झालाय टीव्हीच्या मानकाला, म्हणजे रेक ७०९, गामा २.४, डी-६५ पांढऱ्याला आणि मंद उजेडाच्या खोलीत. तो उन्हात फोनवर तसा दिसणार नाही.

खोलीत येऊन बघणं उत्तम, पण दर वेळी जमत नाही हेही खरं. फोनवरच मत द्यायचं असेल तर सगळे रंगांचे मोड बंद करा, घरात बसून बघा आणि एकेका दृश्याऐवजी दोन दृश्यांच्या फ्रेम शेजारी शेजारी ठेवून मागवा: ३ आणि ९, ९ आणि ११. फोनची स्क्रीन पिवळट असली तरी दोन्ही फ्रेम सारख्याच पिवळट दिसतात. त्यामुळे 'ही तिच्यापेक्षा थंड आहे का' याचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं मिळतं. 'ही निळी आहे का' याचं मिळत नाही. फोनवरून दिलेलं दुसऱ्या प्रकारचं मत मी टिपून ठेवतो, पण त्यावरून ग्रेड बदलत नाही.

तुलनेत लिहिलेल्या तक्रारीवर काम करायलाही बरं पडतं. 'दृश्य ९ ची भिंत दृश्य ३ पेक्षा वेगळ्या घरातली वाटते' यावर काय करायचं ते मला माहीत आहे. जुना ग्रेड स्टिल म्हणून गॅलरीत असतो, वाइप लावून, म्हणजे दोन्ही फ्रेम एकाच पडद्यावर अर्ध्या-अर्ध्या दाखवून, भिंतीशी भिंत जुळवायची. दिशा बरोबर असेल आणि फक्त जोर जास्त असेल, तरच 'थोडं कमी' म्हणा. त्या वेळी लूकच्या नोडचं `Key Output Gain` एकावरून ०.७ वर आणलं की काम झालं.

जे ग्रेडमध्ये होणार नाही

भिंतीवरचा सगळा खेळ फुटेज किती भक्कम आहे, म्हणजे त्यात रंगाची किती माहिती नोंदली आहे, त्यावर अवलंबून आहे. ८ बिट, ४:२:० मध्ये शूट केलेली फिकट, सपाट भिंत कर्व्हने ओढली की तिच्यावर पट्टे पडतात आणि चेहऱ्याच्या कडेला चौकोनी दात दिसतात. १० बिट, ४:२:२ असेल तर बरीच मोकळीक मिळते. भाड्याचा कॅमेरा ठरवताना ही गोष्ट लेन्सच्या आधी विचारा, निदान अशा एकाच खोलीत घडणाऱ्या फिल्मसाठी.

दुसरं, ट्यूबलाइट. केसांवरची आणि कपाळावरची हिरवी छटा थोडीफार काढता येते. पण चेहऱ्याचा अर्धा भाग खिडकीच्या उजेडात आणि अर्धा ट्यूबच्या, शिवाय माणूस त्यांच्यामध्ये येरझारा घालतोय, असं असेल तर दर पावलाला नाकाच्या दोन बाजूंचं प्रमाण बदलतं. ते सावरण्यात जाणारे तास तुमच्या डीआयच्या बिलात दिसतील. शूटलाच ट्यूब बंद करा, किंवा ती फ्रेममध्ये हवीच असेल तर तिच्यावर मायनस ग्रीन जेल लावा. म्हणून रंगाची ही शीट डीआयच्या आदल्या दिवशी लिहू नका. शूटची जागा बघायला, रेकीला, जाताना डीओपी म्हणजे कॅमेरामन आणि आर्ट डायरेक्टर यांच्या हातात असू दे. भिंत त्याच रंगाची ठेवायची का, साडी मरूनच का, ट्यूब चालू का बंद, हे तिघांनी तिथे उभं राहून ठरवायचं आहे. कलरिस्टला रेकीचे फोटो पाठवले तर तो फोनवरच सांगेल कुठली भिंत त्रास देणार आहे. याचे पैसे सहसा कुणी लावत नाही.